सरकार कर्ज काढते, तेव्हा हप्ता कुणाचा वाढतो?

1 फेब्रुवारी 2022 रोजी दुपारी देशभरातल्या टीव्हीसंचांवर प्राप्तिकराच्या टप्प्यांची आणि क्रिप्टो चलनावरच्या 30 टक्के कराची चर्चा रंगली होती. मुंबईतल्या बँकांच्या ट्रेझरी विभागांत मात्र सगळ्यांचे लक्ष एका वेगळ्याच आकड्याकडे होते. येत्या आर्थिक वर्षात केंद्र सरकार बाजारातून एकूण 14.95 लाख कोटी रुपयांचे कर्ज उचलणार, असे अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांत लिहिलेले होते. बाजाराचा अंदाज याहून बराच कमी होता. सरकारच्या दहा वर्षांच्या कर्जरोख्यावरचा व्याजदर आदल्या दिवशी 6.68 टक्क्यांच्या आसपास होता. संध्याकाळपर्यंत तो 6.83 टक्क्यांवर गेला.

पंधरा शतांश टक्के ही वाढ किरकोळ वाटते. पण 14.95 लाख कोटींवर ती मोजली तर वर्षाला साधारण 2,240 कोटी रुपयांचे जादा व्याज होते. शिवाय हा दर फक्त सरकारचा नसतो. देशातल्या बहुतेक मोठ्या कंपन्या, गृहवित्त कंपन्या आणि राज्य सरकारे आपल्या कर्जाचा भाव याच दराच्या वर थोडे चढवून ठरवतात. त्या दुपारी तेलाचा भाव भडकला नव्हता, रिझर्व्ह बँकेने रेपो दराला हात लावला नव्हता, महागाईची नवी आकडेवारीही आली नव्हती. बदलला होता तो कर्जाच्या मागणीचा अंदाज.

कर्जाची गरज निर्माण होते ती राजकोषीय तुटीतून. सरकारचा वर्षाचा एकूण खर्च घ्यायचा आणि त्यातून कर, लाभांश, निर्गुंतवणूक अशी कर्जाव्यतिरिक्तची सगळी आवक वजा करायची. उरते ती राजकोषीय तूट, म्हणजेच त्या वर्षी नव्याने उसने घ्यावे लागणारे पैसे. 2025-26 च्या अर्थसंकल्पात ही तूट 15.69 लाख कोटी, म्हणजे देशाच्या सकल उत्पन्नाच्या 4.4 टक्के धरली होती. त्यातले 11.54 लाख कोटी बाजारात रोखे विकून आणि उरलेले मुख्यतः पोस्टातल्या अल्पबचतीतून यायचे होते. जुने रोखे फेडण्यासाठीही नवे रोखे विकावे लागतात, त्यामुळे बाजारातली एकूण उचल 14.82 लाख कोटी होते. अर्थसंकल्पाच्या दिवशी ट्रेझरीवाले पाहतात तो हा एकूण उचलीचा आकडा, कारण तेवढे सगळे रोखे कुणीतरी विकत घ्यायचे असतात.

त्याच अर्थसंकल्पात जुन्या कर्जावरच्या व्याजासाठी 12.76 लाख कोटींची तरतूद होती. 15.69 लाख कोटींच्या तुटीशेजारी हा आकडा ठेवला की दिसते ते असे: वर्षभरात उसन्या घेतलेल्या दर पाच रुपयांतले चार रुपये आधीच्या कर्जाच्या व्याजाएवढे आहेत. रस्ते, रेल्वे, धान्य अनुदान या वादांमध्ये ही रक्कम फारशी बोलली जात नाही, आणि ती बोलली जायला हवी.

हे रोखे विकले जातात ते बहुधा शुक्रवारी. भारतीय रिझर्व्ह बँक सरकारच्या वतीने लिलाव करते. वर्षाच्या दोन सहामाहींचे वेळापत्रक आधी जाहीर होते. मग प्रत्येक आठवड्यात कोणते रोखे, किती कोटींचे, हे कळवले जाते. बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी, म्युच्युअल फंड आणि 'प्रायमरी डीलर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्था रिझर्व्ह बँकेच्या 'ई-कुबेर' प्रणालीवर सकाळी बोल्या टाकतात. बोलीत दोनच गोष्टी असतात: किती कोटींचे रोखे हवेत आणि कोणत्या दराने.

लिलावात दर कसा वर सरकतो ते एका काल्पनिक उदाहरणात पाहू. समजा, सरकारला दहा वर्षांसाठी 10,000 कोटी हवे आहेत. पहिल्या काही बोल्या 6 टक्क्यांच्या आहेत आणि त्यांतून 3,000 कोटी जमतात. 6.03 टक्के मागणारे आणखी 4,000 कोटी देतात. 6.06 टक्के मागणाऱ्यांचे 3,000 कोटी घेतले की रक्कम पुरी होते आणि लिलाव 6.06 वर थांबतो. यालाच बाजारात 'कट-ऑफ' म्हणतात. आता हाच लिलाव 14,000 कोटींचा असता तर? बोल्यांची यादी तीच, पैसे देणारे तेच. सरकारला मात्र यादीत आणखी खाली उतरावे लागले असते आणि 6.10 किंवा 6.12 टक्के मागणाऱ्यांनाही हो म्हणावे लागले असते. कुणाची नियत बदललेली नाही, फक्त जास्त पैसे हवे होते म्हणून दर वर गेला.

नवा रोखा 6.12 टक्के देत असेल तर आधी विकलेला, 5.85 टक्के देणारा रोखा शंभर रुपयांना कोण घेईल? त्याची किंमत घसरते. व्याज ठरलेले असते, म्हणून विकत घेणाऱ्याने कमी पैसे मोजले की त्याला पडणारा दर वाढतो. 5.85 टक्क्यांच्या दहा वर्षांच्या रोख्याचा बाजारातला दर 6.15 झाला, याचा अर्थ तो शंभराऐवजी साधारण 98 रुपयांना विकला जाऊ लागला. ज्या बँकेकडे असे हजारो कोटींचे रोखे पडून आहेत, तिच्या ताळेबंदात शंभरामागे दोन रुपयांचा खड्डा पडतो आणि पुढच्या लिलावात ती आणखी सावध बोली लावते. एका लिलावाचा परिणाम पुढच्या लिलावावर होतो तो असा.

ही साखळी प्रत्यक्षात कशी चालली, हे 2021 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये स्पष्ट दिसले. पण त्याआधीचे वर्ष पाहिल्याशिवाय ते कळणार नाही, कारण त्या वर्षी घडले ते अगदी उलटे.

2020-21 साठी केंद्राने 7.8 लाख कोटींची उचल ठरवली होती. टाळेबंदी आली, करवसुली कोसळली आणि मे 2020 मध्ये हा आकडा 12 लाख कोटी केला गेला. वर्षअखेरीस तूट सकल उत्पन्नाच्या 9.2 टक्क्यांवर पोहोचली. इतके कर्ज अचानक वाढूनही दहा वर्षांचा दर वर गेला नाही. तो खाली आला आणि वर्षातला बराच काळ 6 टक्क्यांच्या खालीच राहिला.

कारणे दोन होती. एक तर कारखाने बंद, बांधकामे ठप्प, वाहनविक्री थंडावलेली, त्यामुळे दुसरे कुणी कर्ज मागायलाच येत नव्हते. लोक ठेवी ठेवत होते आणि बँकांना त्या पैशाचे काय करायचे हा प्रश्न होता. दुसरे कारण रिझर्व्ह बँक. तिने मार्च आणि मे 2020 मध्ये रेपो दर 5.15 वरून 4 टक्क्यांपर्यंत उतरवला आणि वर्षभरात बाजारातून निव्वळ 3.13 लाख कोटींचे सरकारी रोखे स्वतः विकत घेतले. वाढीव कर्जाचा मोठा हिस्सा अशा रीतीने नव्याने निर्माण झालेल्या पैशाने शोषला गेला.

सरकारने कर्ज वाढवले की व्याजदर वाढतातच, असे सूत्र पाठ करून ठेवणाऱ्यांसाठी हे वर्ष महत्त्वाचे आहे. कोल्हापूरच्या परिसरात साखर कारखाना आणि गुऱ्हाळ एकाच उसासाठी स्पर्धा करतात. उसाचे पीक उदंड असेल आणि तोडायलाही कुणी नसेल, तेव्हा कारखान्याने कितीही ऊस उचलला तरी गुऱ्हाळवाल्याचे बिघडत नाही. ऊस कमी पडतो त्या हंगामात मात्र कारखाना भाव चढवून ऊस ओढतो, आणि त्याच भावाने ऊस घेऊन गूळ करणे गुऱ्हाळाला परवडत नाही. 2020 हे बचतीच्या बाबतीत उदंड पिकाचे वर्ष होते.

1 फेब्रुवारी 2021 च्या अर्थसंकल्पाने चित्र पालटले. लशीकरण सुरू झाले होते, उद्योग हलू लागले होते, म्हणजे कर्जाला दुसरे गिऱ्हाईकही येणार होते. तूट झपाट्याने खाली येईल या अपेक्षेत बाजार होता. प्रत्यक्षात पुढच्या वर्षासाठी 6.8 टक्के तूट आणि सुमारे 12 लाख कोटींची उचल जाहीर झाली. वर, चालू वर्षाच्या उरलेल्या दोन महिन्यांतच आणखी 80,000 कोटी उचलणार असल्याचे अर्थमंत्र्यांनी सांगितले. त्याच दिवशी दहा वर्षांचा दर 6 टक्क्यांच्या वर गेला. मार्चपर्यंत तो 6.2 टक्क्यांच्याही पुढे होता.

या आठवड्यांत लिलावांमध्ये विचित्र ओढाताण झाली. रिझर्व्ह बँकेला दर 6 टक्क्यांच्या आसपास हवा होता. बोली लावणाऱ्यांना तेवढ्यावर रोखे नको होते. अशा वेळी बँकेपुढे दोन वाटा असतात. आलेल्या बोल्या नाकारून लिलावातला तो भाग रद्द करणे, किंवा न विकलेले रोखे प्रायमरी डीलरांच्या माथी मारणे. प्रायमरी डीलर हे लिलावाचे हमीदार असतात. कुणी घेतले नाही तर आम्ही घेऊ, अशी हमी ते मोबदला घेऊन देतात. बाजाराच्या बोलीत याला 'डिव्हॉल्व्ह होणे' म्हणतात. त्या दोन महिन्यांत दहा वर्षांच्या रोख्याच्या बाबतीत हे पुन्हा पुन्हा घडले. कर्ज पचत नसल्याची एवढी ठळक खूण दुसरी नाही. कट-ऑफचा दर दडपून ठेवता येतो, पण न विकलेला माल कुणाकडे पडून आहे हे लपत नाही.

अखेर 7 एप्रिल 2021 रोजी रिझर्व्ह बँकेने आधी जाहीर करून रोखेखरेदीचा कार्यक्रम आणला: एप्रिल ते जून या तिमाहीत 1 लाख कोटींची खरेदी. आम्ही ठरलेल्या तारखांना इतके रोखे घेणारच, असा हा शब्द होता आणि त्यानंतर दर काही काळ शांत झाला. हा उपाय फुकटचा नव्हता. मध्यवर्ती बँक रोखे घेते तेव्हा बँकांच्या हाती नवा पैसा येतो, आणि महागाई वर येत असताना हे फार काळ चालवता येत नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये खरेदी थांबवली गेली. त्या हिवाळ्यात दर पुन्हा चढू लागला आणि फेब्रुवारी 2022 ची ती दुपार उजाडली.

आता प्रश्न घरच्या हप्त्याचा. इथे नेहमीच्या मांडणीत एक गफलत असते. सरकारी रोख्याचा दर वाढला की सगळ्यांच्या गृहकर्जाचा हप्ता लगेच वाढतो, असे नाही. ऑक्टोबर 2019 पासून बँकांना बदलत्या दराची नवी गृहकर्जे बाहेरच्या मापदंडाशी जोडावी लागतात, आणि बहुतेक बँकांनी तो रेपो दर निवडला आहे. बँकेकडून असे कर्ज घेतलेल्याला अर्थसंकल्पाच्या दुपारचा धक्का थेट बसत नाही.

तो बसतो दुसऱ्या दाराने. गृहवित्त कंपन्या, ट्रॅक्टर, ट्रक आणि दुचाकीसाठी कर्ज देणाऱ्या वित्त कंपन्या यांच्याकडे बँकेसारख्या बचत आणि चालू खात्यांचा स्वस्त पैसा नसतो. त्या स्वतः रोखे विकून किंवा बँकांकडून उसने घेऊन पैसा उभा करतात. रोखे घेणारा विमा कंपनीचा व्यवस्थापक त्यांना सरळ विचारतो: सरकार 6.83 टक्के देत आहे आणि तिथे पैसे बुडण्याची भीती नाही, मग तुम्ही वर किती देणार? उत्तम पत असलेली कंपनी अर्धा-पाऊण टक्का वर देते, कमी पतीची कंपनी दोन-तीन टक्के. खालचा मजला उचलला गेला की वरचे सगळे मजले उचलले जातात. महाराष्ट्रासारखी राज्ये दर मंगळवारी होणाऱ्या लिलावांत आपले रोखे विकतात, त्यांचा दरही केंद्राच्या दराहून थोडा वरच असतो. राज्यांची गर्दी वाढली की याच बचतीवर आणखी एक हात पडतो.

एखाद्या गृहवित्त कंपनीला पैसा अर्ध्या टक्क्याने महाग पडला आणि तिने तो पूर्ण ग्राहकावर टाकला असे धरू. 30 लाखांच्या, 20 वर्षांच्या कर्जाचा दर 8.5 वरून 9 टक्के होईल. हप्ता सुमारे 26,035 वरून 26,992 रुपयांवर जाईल. महिन्याला साडेनऊशे रुपयांची वाढ, आणि दर तसाच राहिला तर वीस वर्षांत सुमारे 2 लाख 30 हजार. छोट्या कारखानदाराचे गणित याहून कठोर असते. जे यंत्र 9 टक्क्यांच्या कर्जावर जेमतेम परवडते, ते 10 टक्क्यांवर घेतलेच जात नाही. न घेतलेल्या यंत्राची नोंद कुठल्याच आकडेवारीत येत नाही, म्हणून हे नुकसान मोजायला सर्वांत अवघड आहे.

लिलावाची पद्धत येण्याआधी सरकार दर न वाढवताही इतरांना बाजूला सारत असे. 1990-91 मध्ये केंद्राची तूट सकल उत्पन्नाच्या 8 टक्क्यांच्या आसपास होती. बँकांनी ठेवींपैकी 38.5 टक्के रक्कम सरकारी आणि मान्य रोख्यांत ठेवायची, 15 टक्के रिझर्व्ह बँकेकडे, आणि नव्या ठेवींवर आणखी 10 टक्के रिझर्व्ह बँकेकडे, असा त्या काळातला नियम होता. म्हणजे खातेदाराने नव्याने ठेवलेल्या शंभर रुपयांतले साडेत्रेसष्ट रुपये आधीच बाजूला काढले जात. सरकारला याशिवाय रिझर्व्ह बँकेकडून 4.6 टक्के या ठरीव दराने अल्पमुदतीची उचल मिळत असे. सरकार दर देत नव्हते, म्हणून तो उरलेल्या साडेछत्तीस रुपयांवर चढत होता. त्यातून शेती आणि लघुउद्योगांना सवलतीचे कर्ज द्यायचे, मग जे शिल्लक राही त्यासाठी इतर उद्योजकांना रांगेत उभे राहावे लागे आणि भरमसाट व्याज मोजावे लागे.

एम. नरसिंहम यांच्या समितीने 1991 मध्ये या व्यवस्थेवर बोट ठेवले आणि रोख्यांची सक्ती टप्प्याटप्प्याने 25 टक्क्यांवर आणण्याची शिफारस केली. जून 1992 मध्ये रोख्यांचे लिलाव सुरू झाले. सरकारला पहिल्यांदाच खरा भाव मोजावा लागला आणि नव्वदीच्या मध्यात दहा वर्षांच्या रोख्यांवर 14 टक्क्यांपर्यंत व्याज द्यावे लागले. तेव्हा अनेकांना ही सुधारणा महागडी वाटली. पण आधीच्या पद्धतीतही किंमत होतीच, ती फक्त दुसरे लोक भरत होते. सक्ती पुढे कमी होत आज 18 टक्क्यांवर आली आहे.

व्याजदर वाढतात तेव्हा त्यातला किती भाग सरकारच्या कर्जाचा, हे सांगणे सोपे नसते. 2022 च्या जूनमध्ये दहा वर्षांचा दर साडेसात टक्क्यांवर होता, पण तेव्हा युक्रेन युद्धामुळे तेल महागले होते, महागाई वाढली होती आणि रिझर्व्ह बँक रेपो दर चढवत होती. ती सगळी वाढ तुटीच्या खात्यावर टाकणे चूक ठरेल. जाणकार त्याऐवजी दोन ठिकाणी पाहतात. पहिले ठिकाण म्हणजे अर्थसंकल्पाची दुपार, कारण त्या चार तासांत बाकीचे फारसे काही बदललेले नसते. दुसरे म्हणजे रेपो दर आणि दहा वर्षांचा दर यांतले अंतर. 2021 च्या मार्चमध्ये रेपो 4 टक्के आणि रोख्याचा दर 6.2, म्हणजे अंतर दोन टक्क्यांहून जास्त. अल्पमुदतीचा पैसा इतका स्वस्त असूनही लांब मुदतीसाठी देणारे एवढा मोबदला मागत होते. त्यात पुढे रेपो वाढण्याची अपेक्षाही मिसळलेली होती. तरी पुढ्यात उभा असलेला रोख्यांचा ढीग त्यातले मोठे कारण होते.

1 फेब्रुवारी 2024 ला उलट बाजूची दुपार आली. निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे अंतरिम अर्थसंकल्पात खर्चाची उधळण होईल अशी धास्ती होती. निर्मला सीतारामन यांनी तुटीचे लक्ष्य 5.1 टक्के सांगितले आणि एकूण उचल 14.13 लाख कोटी, म्हणजे बाजाराने धरली होती त्याहून कमी. दहा वर्षांचा दर 7.14 टक्क्यांच्या आसपास होता, तो दिवसअखेर 7.06 च्या घरात उतरला. रेपो दर त्या वेळी 6.5 टक्के होता. तीन वर्षांपूर्वी दोन टक्क्यांहून मोठे असलेले अंतर आता जेमतेम अर्ध्या टक्क्यावर आले होते.